तेलकट सोडलं तरी फॅटी लिव्हर हटेना: एका रुग्णाचं वर्षभराचं प्रकरण

हे गृहस्थ डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन माझ्याकडे आले, तेव्हा तेलकट पदार्थ बंद करून त्यांना पाच महिने झाले होते. वार्षिक तपासणीतल्या सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर, ग्रेड २’ असा शेरा आला होता. त्यांनी त्याच संध्याकाळी तळलेलं बंद केलं. अंडी बंद, सुकामेवा बंद, भाजीत तेल नावापुरतं. पाच महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं तेव्हा लिव्हरचे आकडे जिथल्या तिथे होते आणि वजन एक किलोने वाढलेलं होतं. “एवढं सगळं सोडलं, आता आणखी काय सोडू?” हा त्यांचा पहिला प्रश्न. प्रश्न रास्त होता, आणि त्याचं उत्तर शोधण्यातच आमचे पहिले दोन आठवडे गेले.

ओळख पटू नये म्हणून इथे व्यक्तिगत तपशील काढून टाकले आहेत.

वय ४४, उंची १७० सेंटिमीटर, वजन ८६ किलो, कमरेचा घेर १०४ सेंटिमीटर. बैठं काम. दारू घेत नाहीत. लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारे एन्झाइम: एसजीपीटी ७६, एसजीओटी ४८. प्लेटलेट २ लाख ३२ हजार. तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, ६.१, मधुमेह नाही, पण त्याच्या उंबरठ्यावर. रक्तातल्या चरबीचे, म्हणजे लिपिडचे, आकडे: ट्रायग्लिसराइड २२८, एचडीएल ३६, एलडीएल १४८. कावीळ बी आणि सीच्या चाचण्या निगेटिव्ह, थायरॉइड ठीक. स्टेरॉइडसारखं, लिव्हरमध्ये चरबी साठवू शकणारं कुठलंही औषध चालू नव्हतं. ही शेवटची दोन वाक्यं रुग्णाला कंटाळवाणी वाटतात, पण आहाराचा कागद लिहायला घेण्याआधी मी तीच पाहते. लिव्हरच्या तक्रारीचं कारण दुसरंच असेल तर आहार बदलून फक्त वेळ जातो.

डॉक्टरांनी आधी कशाची धास्ती घ्यायची आणि कशाची नाही, ते सांगितलं

‘ग्रेड २’ या शब्दाने गृहस्थांची झोप उडाली होती. आता ग्रेड ३ होणार आणि मग लिव्हर निकामी, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. डॉक्टरांनी त्यांना समोर बसवून सांगितलं, की सोनोग्राफीतली ग्रेड म्हणजे लिव्हर पडद्यावर किती पांढुरकं दिसतं याचा अंदाज. बघणाऱ्यागणिक तो थोडा बदलतो. चरबी थोडी असेल तर ती सोनोग्राफीत दिसतही नाही. आणि मुख्य म्हणजे पुढचा धोका चरबी किती आहे यापेक्षा लिव्हरमध्ये व्रणासारखे तंतू, म्हणजे फायब्रोसिस, किती झालंय यावर ठरतो. ग्रेड त्याबद्दल काहीच सांगत नाही.

त्यासाठी डॉक्टरांनी तिथेच फिब-४ काढला. यात वेगळी तपासणी लागत नाही, असलेल्या आकड्यांवरच तो निघतो. वयाला एसजीओटीने गुणायचं. मग प्लेटलेट हजारांत घेऊन त्यांना एसजीपीटीच्या वर्गमुळाने गुणायचं. पहिल्या उत्तराला दुसऱ्याने भागायचं. ४४ गुणिले ४८ म्हणजे २११२. ७६ चं वर्गमूळ साधारण ८.७, त्याला २३२ ने गुणलं की सुमारे २०२२. भागाकार १.०४. हा आकडा १.३ च्या खाली असेल तर पुढच्या टप्प्याचं फायब्रोसिस असण्याची शक्यता कमी. २.६७ च्या वर गेला तर लिव्हरतज्ज्ञांकडे जायलाच हवं. मधल्या पट्ट्यात फायब्रोस्कॅनसारखी तपासणी करून लिव्हर किती कडक झालंय ते बघतात. पस्तिशीच्या आतल्यांसाठी हा हिशेब भरवशाचा नाही, आणि पासष्टीपुढे खालची मर्यादा २ धरतात.

गृहस्थांना फायब्रोस्कॅन लगेच करून हवा होता. डॉक्टर म्हणाले, “तुमचा आकडा कमी आहे. आज करून माझा निर्णय बदलणार नाही. वजनावर काम करू, आणि हा हिशेब पुन्हा मांडू.” उद्दिष्टही त्यांनीच ठरवलं: सहा महिन्यांत सहा किलो, म्हणजे वजनाच्या सात टक्के, जमलं तर वर्षभरात दहा टक्के.

हे टक्के मनाने काढलेले नाहीत. तीन ते पाच टक्के वजन उतरलं की लिव्हरमधली चरबी कमी होऊ लागते, सात ते दहा टक्क्यांत दाह शमू लागतो, आणि दहाच्या पुढे काही रुग्णांत फायब्रोसिसही मागे हटतं. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २९३ रुग्णांना वर्षभर आहार आणि व्यायामावर ठेवलं होतं. दहा टक्के किंवा जास्त वजन उतरलेल्यांपैकी ४५ टक्क्यांचं फायब्रोसिस कमी झालं. पण तेवढं वजन उतरवणं दहापैकी एकालाच जमलं होतं. रुग्णाला मी पहिला भाग सांगते तेव्हा दुसराही सांगते. नाहीतर सहा टक्क्यांवर थांबलेला माणूस स्वतःला नापास समजतो, आणि खरं तर त्याच्या लिव्हरचं बरंच भलं झालेलं असतं.

बरणीतली साखर

आता मूळ प्रश्न. तेलकट बंद होतं, मग चरबी येत कुठून होती?

मी त्यांना तीन दिवस तोंडात जाणारी प्रत्येक गोष्ट लिहायला सांगितली, त्यातला एक दिवस सुट्टीचा. वहीत जेवणाचे तपशील नेटके होते. चहापुढे फक्त ‘चहा’ असं लिहिलेलं. म्हणून त्यांच्या पत्नीला एक विनंती केली: एक दिवस, यांच्या चहात जितके चमचे साखर घालाल, तितकेच चमचे एका रिकाम्या बरणीत टाकत जा. पुढच्या वेळी ती बरणी घेऊन त्या आल्या. दिवसाचे चार चहा, प्रत्येकी दोन चमचे. मी तोपर्यंत सपाट चमचा धरून हिशेब करत होते, म्हणजे चार ग्रॅम. काट्यावर बरणीतली साखर भरली ४८ ग्रॅम. चमचा शिगोशिग भरण्याची घरातली सवय होती. बरणी बघून गृहस्थ बराच वेळ काही बोलले नाहीत.

बाकीचं वहीत होतं, फक्त ते ‘गोड’ या सदरात त्यांनी धरलंच नव्हतं. सकाळी कोमट पाण्यात मोठा चमचा मध, वजन कमी होतं म्हणून: साधारण १७ ग्रॅम साखर. नाश्त्याला पेलाभर ताजा फळांचा रस: सुमारे २५ ग्रॅम. दुपारी ‘लो फॅट’ लिहिलेलं फळांच्या स्वादाचं दही: वेष्टनावरच्या तक्त्यानुसार १२ ग्रॅम. चहासोबतच्या बिस्किटांतली आणखी दहाएक. बेरीज ११० ग्रॅमच्या आसपास. जागतिक आरोग्य संघटना मध आणि फळांचा रस यांतली साखरही वरून घातलेल्या साखरेतच मोजते, आणि अशी सगळी साखर दिवसाच्या ऊर्जेच्या दहा टक्क्यांच्या आत, शक्यतो पाच टक्क्यांच्या आत ठेवायला सांगते. दोन हजार कॅलरी खाणाऱ्यासाठी दहा टक्के म्हणजे ५० ग्रॅम.

इथे थोडं थांबून लिव्हरमध्ये काय होतं ते सांगायला हवं, कारण ‘चरबी खाल्ली की लिव्हरवर चरबी’ हा समज फार घट्ट बसलेला आहे. साखरेचे दोन भाग असतात, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. ग्लुकोज स्नायू, मेंदू, सगळेच वापरतात. फ्रुक्टोजचा मोठा वाटा लिव्हरलाच हाताळावा लागतो, आणि गरजेपेक्षा जास्त आलं की लिव्हर त्याची चरबी बनवतं. रसातलं फ्रुक्टोज भराभर येतं. अख्ख्या फळात तेच फ्रुक्टोज तंतूंसोबत, चावत चावत, कमी प्रमाणात येतं. म्हणून फॅटी लिव्हर असलेल्याला मी फळ बंद करायला सांगत नाही, रस बंद करायला सांगते.

पण चरबीचा सगळ्यात मोठा पुरवठा साखरेतूनही होत नाही. लिव्हरमधल्या चरबीचा उगम शोधणारा २००५ सालचा एक छोटा अभ्यास आहे. त्यात सुमारे ५९ टक्के चरबी रक्तातल्या मुक्त स्निग्धाम्लांतून, म्हणजे मुख्यतः अंगावर आधीच साठलेल्या चरबीतून आलेली दिसली. २६ टक्के लिव्हरने स्वतः बनवलेली. आणि थेट जेवणातल्या चरबीतून आलेली फक्त १५ टक्के. आमच्या गृहस्थांनी पाच महिने या शेवटच्या वाट्याशी झुंज दिली होती. पोटावरची चरबी उतरली नव्हती, कारण एकूण खाणं कमी झालंच नव्हतं. तेलातून वाचलेल्या कॅलरी मध, रस आणि बिस्किटांनी भरून काढल्या होत्या.

वहीने आणखी एक गोष्ट दाखवली. अंडी, सुकामेवा गेल्यावर दिवसभरातली प्रथिनं जेमतेम ४५ ग्रॅमवर आली होती. जेवण मुख्यतः भात-पोळीचं. संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास त्यांना कडकडून भूक लागायची आणि हात बिस्किटांच्या डब्याकडे जायचा. त्याला ते मनाचा कमकुवतपणा म्हणत होते. मला तो दुपारच्या जेवणाचा दोष दिसला.

बदल कोणत्या क्रमाने केले

वय, वजन, उंची आणि बैठं काम धरून त्यांची रोजची गरज साधारण २३०० कॅलरी निघत होती. उद्दिष्ट १८०० चं ठेवलं. यापेक्षा खाली जाण्याची त्यांची तयारी होती, मी नेलं नाही. त्याचं कारण पुढे येईलच.

पहिले दोन आठवडे ताटाला हात लावला नाही, फक्त पेल्याकडे बघितलं. मध-पाणी बंद, रसाऐवजी एक अख्खं फळ, गोड दह्याऐवजी साधं दही. चहाची साखर एकदम तोडली नाही: आधी शिगेचा चमचा सपाट केला, मग दोनाचा एक, मग अर्धा. जीभ बदलायला पंधरा-वीस दिवस लागतात. घाई केली की माणूस महिन्याभरात जुन्या चहाकडे परततो. एक चहा काढून तिथे बिनसाखरेची कॉफी घेतली. कॉफी पिणाऱ्यांत लिव्हरचं फायब्रोसिस कमी आढळतं, असं अनेक निरीक्षणांतून दिसलंय. म्हणून आधीपासून सोसत असेल तर दोन-तीन कप चालतात. तिला औषध मात्र समजू नये, आणि झोप बिघडत असेल किंवा धडधड होत असेल तर तिच्या वाटेला जाऊ नये.

तिसऱ्या आठवड्यापासून ताट बदललं. त्यांच्या पत्नीला वेगळा स्वयंपाक करावा लागू नये, ही माझी अट होती. घरात एकासाठी वेगळं शिजतं तिथे पथ्य फार दिवस टिकत नाही. तेच पदार्थ, वाढण्याचा क्रम आणि माप वेगळं. आधी अर्धं ताट भाजी आणि कोशिंबीर. मग पाव ताट प्रथिनांचं: घट्ट डाळ किंवा उसळ, पनीर, मासे किंवा चिकन, घरात त्या दिवशी जे असेल ते. उरलेल्या पाव ताटात धान्य. आधी चार पोळ्या आणि वर वाटीभर भात होता. आता दोन पोळ्या, किंवा एक पोळी आणि लहान वाटी भात. नाश्त्याला दोन अंडी परत आली, सुकामेवाही मूठभर परत आला, बिनमिठाचा, संध्याकाळच्या भुकेच्या आधी. प्रथिनं ८० ते ८५ ग्रॅमवर गेली. तेल नावापुरतं ठेवण्याऐवजी मोजून दिवसाला चार छोटे चमचे दिले. भाजी चवीला लागली तरच ताटातला तिचा वाटा मोठा राहतो.

अंडी पाहून ते बिचकले. “डॉक्टर, पिवळ्यात कोलेस्टेरॉल असतं ना?” डॉक्टरांनी सांगितलं, की त्यांच्या बाबतीत संध्याकाळची बिस्किटं जास्त नडतात, अंडी ठेवू आणि एलडीएल तीन महिन्यांनी पुन्हा बघू.

व्यायामात आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास भरभर चालणं, म्हणजे बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगाने. आणि दोन दिवस घरीच खुर्चीवरून उठबस, भिंतीला हात टेकून दंड. वजन फारसं न उतरताही नियमित व्यायामाने लिव्हरमधली चरबी काही प्रमाणात कमी होते, म्हणून काटा हलत नाही या कारणाने चालणं सोडू नये.

अकराव्या आठवड्यातला धक्का

आठव्या आठवड्यात वजन ८२.८ होतं. तीन किलोंच्या वर, आठवड्याला चारशे ग्रॅमच्या हिशेबाने. मला ही चाल आवडली होती. तीन आठवड्यांनी ते आले तेव्हा काटा ७८.१ वर होता आणि चेहऱ्यावर आनंद. पण तीन आठवड्यांत साडेचार किलोंच्या वर, म्हणजे आठवड्याला दीड किलोपेक्षा जास्त. त्याच वेळी डॉक्टरांनी तीन महिन्यांची ठरलेली रक्ततपासणी थोडी आधी करून घेतली. एसजीपीटी ११२.

वजन उतरलंय आणि लिव्हरचा आकडा वाढलाय, हे रुग्णाला पटतच नाही. ते म्हणाले, लॅबची चूक असेल. डॉक्टरांनी शांतपणे एकच प्रश्न वेगवेगळ्या तऱ्हेने विचारला: सांगितलेल्याव्यतिरिक्त आणखी काय घेताय? गोळी, पावडर, काढा, थेंब, कुणी दिलेलं काही? तिसऱ्यांदा विचारल्यावर उत्तर आलं. एका मित्राने ‘फॅट बर्नर’ कॅप्सूल दिल्या होत्या. डबीवर ग्रीन टीचा अर्क लिहिलेला. वनस्पतीचं आहे, त्याने काय होणार, म्हणून सांगावंसं वाटलं नव्हतं. शिवाय लवकर निकाल दिसावा म्हणून रात्रीचं जेवण ते पूर्ण टाळत होते.

ही दोन्ही कारणं खरी असू शकतात. कपात ग्रीन टी पिणं वेगळं आणि त्याचा घट्ट अर्क कॅप्सूलमधून घेणं वेगळं. अशा अर्काने लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात पुरेशा आहेत. वजन कमी करण्याच्या मिश्रणांत बरेचदा डबीवर न लिहिलेलं काहीतरीही असतं. दुसरीकडे, उपासमारीने वजन झपाट्याने उतरलं की साठलेली चरबी एकदम रक्तात सुटते आणि लिव्हरवर तिचा भार पडतो; दाह काही काळ वाढू शकतो. पित्ताशयात खडे होण्याची शक्यताही आठवड्याला दीड किलोच्या पुढे वाढत जाते. १८०० च्या खाली मी नेलं नाही, ते याचसाठी.

डॉक्टरांनी काविळीत वाढणारं बिलिरुबिन आणि रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारं आयएनआर तपासलं. दोन्ही ठीक, म्हणजे लिव्हरचं काम चालू होतं. कॅप्सूल त्या दिवसापासून बंद, रात्रीचं जेवण सुरू. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, अंगाला खाज सुटली किंवा उलट्या आणि उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं, तर ठरलेल्या तारखेची वाट न बघता लगेच यायचं, हे कागदावर लिहून दिलं. फिब-४ त्या दिवशी काढला नाही. एन्झाइम असे अचानक उसळलेले असताना त्या हिशेबाला अर्थ नसतो.

तीन आठवड्यांनी एसजीपीटी ८१, त्यानंतर महिन्याने ५२. दोन्ही गोष्टी एकाच दिवशी बदलल्यामुळे नेमका दोष कॅप्सूलचा किती आणि उपाशी राहण्याचा किती, हे या प्रकरणातून सांगता येत नाही. ते वेगळं काढण्यासाठी कॅप्सूल पुन्हा देऊन बघणं कुणी करणार नाही, करूही नये.

जेवण सुरू झाल्यावर दोन-तीन आठवड्यांत वजन ८० वर परत आलं. यावर ते हिरमुसले. उपाशीपोटी गेलेल्या वजनात बरंचसं पाणी आणि स्नायू-लिव्हरमधला साखरेचा साठा असतो. जेवलं की तो भरून येतो. ही चरबी परत आलेली नसते. कमरेचा घेर त्या काळात वाढला नव्हता, आणि तो आकडा दाखवल्यावर त्यांना ते पटलं. तेव्हापासून आम्ही काटा आठवड्यातून एकदाच आणि कंबर महिन्यातून एकदा, बेंबीच्या पातळीवर, श्वास सोडल्यावर मोजू लागलो.

सहा महिने आणि त्यानंतर

सहा महिन्यांच्या भेटीत वजन ७९.४ होतं, म्हणजे साडेसात टक्क्यांच्या थोडं वर. कंबर ९५. एसजीपीटी ४१, एसजीओटी ३०, प्लेटलेट २ लाख ३६ हजार, फिब-४ ०.८७. एचबीएवनसी ५.७, ट्रायग्लिसराइड १५८. लॅबच्या कागदावर ४१ जवळपास नॉर्मल छापून आलं. डॉक्टर म्हणाले, पुरुषांसाठी ३३ च्या आसपासचा आकडा मी निरोगी धरतो, त्यामुळे अजून काम बाकी आहे. त्यांनी हेही सांगितलं, की एसजीपीटी नॉर्मल असलेल्या माणसातही फायब्रोसिस सापडतं, तेव्हा एकट्या या आकड्यावर निश्चिंत व्हायचं नाही.

सातव्या ते नवव्या महिन्यात काटा हललाच नाही. हे जवळजवळ प्रत्येकाचं होतं. वजन कमी झालेल्या शरीराची गरजही कमी होते. ८६ किलोच्या माणसासाठी जी तूट पाचशेची होती, ती ७९ किलोला तेवढी उरत नाही. पण आधी वही पुन्हा लिहून घेतली, कारण बहुतेक वेळा माप सैल झालेलं असतं. तसंच निघालं. सुकामेव्याची मूठ वाटी झाली होती. तीस ग्रॅमचे सत्तर, म्हणजे रोज दोनशेच्या वर कॅलरी आगाऊ. चहाची साखर मात्र अर्ध्या चमच्यावरच होती, आणि आता त्यांना पूर्वीचा चहा पाकासारखा लागत होता. सुकामेवा पुन्हा मोजून डबीत भरला, चालणं दहा मिनिटांनी वाढवलं, बाकी काही बदललं नाही.

वर्षाच्या शेवटी वजन ७८, म्हणजे नऊ टक्क्यांवर उतार. एसजीपीटी ३४. सोनोग्राफीत ग्रेड १. दहा टक्के झाले नाहीत, आणि डॉक्टरांनी त्याचा आग्रह धरला नाही. फायब्रोसिसची शंका नसलेल्या या माणसाला नऊ टक्के टिकवणं हे आणखी एक टक्का कसंबसं उतरवून सगळं परत चढवण्यापेक्षा केव्हाही जास्त मोलाचं आहे, हे माझंही मत.

हीच योजना कुणी जशीच्या तशी उचलू नये, हे मला इथेच सांगायचंय. सिरॉसिस, म्हणजे व्रणांनी लिव्हर कायमचं कडक झालेल्या रुग्णाचा आहार अगदी वेगळा असतो. त्याला उपाशी ठेवायचं नसतं, रात्री झोपण्यापूर्वीही काही द्यावं लागतं. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असलेल्याने डॉक्टरांना न सांगता भात-पोळी आणि साखर निम्म्यावर आणली, तर रक्तातली साखर एकाएकी घसरू शकते. बारीक अंगाच्या माणसालाही फॅटी लिव्हर होतं, आणि त्याला तीन ते पाच टक्केसुद्धा पुरतात. नऊ किंवा दहाच्या मागे लागलं तर स्नायू जातील. दारू घेणाऱ्याच्या बाबतीत पहिलं काम दारू थांबवण्याचं, चहाचा चमचा नंतर.

शेवटच्या भेटीत चर्चा लिव्हरची कमी आणि हृदयाची जास्त झाली. फॅटी लिव्हर असलेल्यांत मृत्यूचं सर्वात मोठं कारण हृदयविकार असतं, आणि गृहस्थांचं एलडीएल वर्षभराच्या आहारानंतरही १४८ वरून १३६ पर्यंतच आलं होतं. वडिलांना पन्नाशीत हृदयविकाराचा झटका आलेला. डॉक्टरांनी कोलेस्टेरॉल उतरवणारं स्टॅटिन सुरू करायचं ठरवलं. “लिव्हर आत्ता कुठे सावरलंय, ही गोळी त्याला सोसेल?” असं पत्नीने विचारलं. डॉक्टरांनी समजावलं, की फॅटी लिव्हर किंवा थोडे वाढलेले एन्झाइम ही स्टॅटिन टाळण्याची कारणं नाहीत. लिव्हर पूर्ण ढासळलेलं असेल तर गोष्ट वेगळी. सुरू केल्यावर दोन-तीन महिन्यांनी एलडीएल आणि एसजीपीटी दोन्ही बघायचे ठरले.

पुढचा आराखडा असा आहे. वजन आणि कंबर महिन्याला घरी. एचबीएवनसी आणि लिपिड सहा महिन्यांनी. साखर उंबरठ्यावर असल्यामुळे फिब-४ दरवर्षी मांडायचा, तो १.३ च्या वर गेला तर फायब्रोस्कॅन, त्याआधी तीन तास काही खायचं नाही. त्यात कडकपणा ८ किलोपास्कलच्या खाली आला तर हाच आहार पुढे चालू, आणि त्याच्या वर आला तर लिव्हरतज्ज्ञांकडे चिठ्ठी.